दुमडलेल्या चार ओळी

खुर्चीचा पाय तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आदळला तेव्हा आनंदरावांच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण त्यांच्या बायकोच्या, शेवंताच्या, तोंडून निघाला. लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची, तिच्यात आनंदराव, कमरेला शेवंताची जुनी साडी पिळून बांधलेली. मागून खुर्चीची पाठ धरलेला वॉचमन दयाराम, पुढून पाय धरलेला रोजचा पेपरवाला. सकाळचे सहा वाजून गेले होते आणि अजून चौपन्न पायऱ्या उरल्या होत्या.

अंजनाबाई आवाजानेच बाहेर आल्या होत्या. चौथ्या मजल्यावर आनंदराव गजभियांच्या आणि त्यांच्या दाराचं तोंड समोरासमोर. हातात फुलांची परडी, ओले केस, आणि तोंडाला कुलूप, कारण श्रावणभर त्यांचं मौन असायचं: पहाटे उठल्यापासून दुपारी बाराचा नैवेद्य होईपर्यंत. तो त्या मौनाचा सोळावा दिवस. परडी त्यांनी पायरीवर ठेवली आणि खाली धावल्या. काय करावं ते बोलून विचारता येईना, तेव्हा त्यांनी एकच केलं. आनंदरावांचा डावा हात आपल्या दोन्ही तळव्यांत अलगद धरला आणि उलट्या पावलांनी पायऱ्या उतरू लागल्या. त्याच हातात फिस्टुला होता. डायलिसिसच्या सुया जिथे टोचतात ती फुगलेली शीर. तिच्यावर घड्याळसुद्धा बांधायचं नाही, भार तर लांबच. कठड्याचा ओरखडा त्या हाताच्या चार बोटं खाली उमटला होता.

लिफ्ट बंद होती. सोमवार ते शनिवार, सहा दिवस. दोर बदलायचे होते.

थांबत थांबत खाली पोचायला तासभर लागला. गेटवर ऑटो उभा होता, आणि मरोद्याच्या तळ्याकडून फिरून येणारे सोसायटीचे सेक्रेटरी पंजाबराव भोयर कानटोपी काढत तिथेच पोचले. पोलाद कारखान्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात दोन पेन. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग शेवंताकडे.

"नाव द्याचं होतं न, गजभिये बाई. नोटिशीत साफ लिवलं होतं. शनिवारपर्यंत नाव आलं असतं, तर सोय झाली असती. आता मी काय करू सांगा."

शेवंताने वळून अंजनाबाईंकडे पाहिलं.

त्या पाहण्यात राग नव्हता, दोषही नव्हता. नुसतं विचारणं होतं: बाई, तुमीच तर वाचून दाखवलं होतं. अंजनाबाईंना वाटलं, हिनं आपल्याला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑटो गेला. पावणेआठला तो हॉस्पिटलात पोचला, असं अकरानंतर शेवंताच्या फोनवरून कळलं. तिथली सातची खुर्ची आनंदरावांची, सात ते अकरा. अकराला तीच खुर्ची दुसऱ्या रोग्याची, तो लांब दल्लीराजहऱ्याहून गाडी करून येतो, त्याला कोण थांबवणार? मशीनवर चढवायला आठ झाले, आणि अकराला उतरवलं. चार तासांचे तीन तास. अंगात साचलेलं पाणी पुरतं निघालंच नाही.

अंजनाबाई घरी आल्या, देवासमोर बसल्या, पण रुद्राचा पाठ ओठातल्या ओठात तीनदा चुकला. शेवटी उठून त्यांनी फोन घेतला.

गुरुवारी संध्याकाळी शेवंता त्यांच्याकडे आली होती. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, आणि फोन बटणांचा, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर ती नव्हतीच. ग्रुपवर जे येईल ते अंजनाबाईंनी वाचून दाखवायचं, हा दोघींचा दोन वर्षांचा शिरस्ता. त्या बदल्यात शेवंता त्यांच्या उपासाला भगर निवडून द्यायची. बुद्धाला मानणारी बाई, उपासतापास तिच्या घरी नाहीत, पण भगरीतला खडा तिच्या बोटांना जसा सापडतो तसा कोणाला सापडत नाही, असं अंजनाबाई म्हणत.

त्या दिवशी ग्रुपवर नोटिशीचा फोटो आला होता. अंजनाबाईंनी हिंदी मजकूर सगळा वाचला, चष्मा लावून, बोट फिरवून. ए-विंगच्या लिफ्टचे दोर बदलण्याचं काम अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. त्या काळात लिफ्ट पूर्ण बंद. मुलांना मशीन-रूमकडे सोडू नये. जड सामान आधीच चढवून घ्यावं. होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद आहे.

"आमच्यासाठी काही हाय का त्याच्यात?" शेवंताने विचारलं होतं.

"नाई वो. खेद हाय म्हणते."

दोघी हसल्या होत्या.

आता त्यांनी तो फोटो पुन्हा उघडला. दोन बोटांनी मोठा केला, खाली सरकवला. खेद आहे, आणि त्याच्या खाली फोटोची कड. बस. आणि मग त्यांना ते दिसलं, जे गुरुवारी दिसायला हवं होतं. सही नव्हती. शिक्का नव्हता. तारीख वर होती, पण खाली "सचिव" हा शब्दही नव्हता. पंजाबराव तर घरच्या किराण्याच्या यादीवरही सही करतील असा माणूस.

अंजनाबाईंचे मालक दुर्ग लाइनवर मालगाडीचे गार्ड होते. गाडी सुटायच्या आधी त्यांच्या हातात सावधानतेचा कागद यायचा, कुठल्या पुलावर किती वेगाने जायचं त्याचा. ते तो कागद सहीपर्यंत वाचत आणि मगच आपली सही करत. म्हणत, कागदाचं शेपूट पाहिल्याशिवाय कागद वाचला असं समजायचं नाही. तीस वर्षं हे ऐकलेली बाई, आणि शेपूट नसलेला कागद तिने दुसरीला छातीठोक वाचून दाखवला.

राग आला तो आधी स्वतःचा. पण स्वतःवरचा राग फार वेळ एकटा राहत नाही. त्यांना पंजाबरावांचं ते "साफ लिवलं होतं" आठवलं. बोलायचं नाही हा नेम होता. लिहायचं नाही असा कुठलाही नेम नव्हता.

त्यांनी वहीचे दोन कागद फाडले. मराठीतच लिहिलं, हिंदी त्यांना चांगली यायची, पण रागात सुचायची नाही, आणि पंजाबराव अमरावतीकडचेच होते.

*मा. सचिव, मैत्रीकुंज गृहनिर्माण सोसायटी, मरोदा.*

*लिफ्ट बंद ठेवण्याच्या आपल्या नोटिशीचा जो फोटो गुरुवारी संध्याकाळी ग्रुपवर टाकला गेला, तो पुरा नाही. 'खेद आहे' या ओळीनंतर तो कापलेला आहे. त्यात आपली सही नाही, शिक्का नाही. आज सकाळी आपण म्हणालात की आजारी माणसाचं नाव देण्याची सूचना नोटिशीत होती. म्हणजे ती कापलेल्या भागात असणार.*

*श्री. आनंदराव गजभिये यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला डायलिसिसला पोचावं लागतं. हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, आपल्यालाही. आज त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवरून बहात्तर पायऱ्या उतरवलं. फिस्टुलाच्या हाताला लागलं. पोचायला उशीर झाला आणि एक तास डायलिसिस कमी झालं.*

*तो अपुरा फोटो सौ. शेवंता गजभिये यांना मी वाचून दाखवला. सही दिसत नाही हे मी पाहिलं नाही. ही माझी चूक, मी ती लिहून देते. आपली चूक आपण लिहून द्यावी.*

*माझ्या मागण्या: एक, पूर्ण नोटीस आजच ग्रुपवर टाकावी. दोन, नाव उशिरा आलं असं न धरता बुधवारची आणि शुक्रवारची सोय करावी. तीन, 'गजभिये यांनी नाव दिलं नाही' हे आपण चारचौघांत बोललात, ते चारचौघांत मागे घ्यावं.*

*— अंजनाबाई नखाते, ए-४०२*

दुसऱ्या कागदावर तेच पुन्हा उतरवलं. एक द्यायला, एक पोच घ्यायला.

साडेबाराला आनंदराव परतले. उतरणं परवडलं, असं चढणं. मशीनवरून उतरलेल्या माणसाचा रक्तदाब आधीच खाली गेलेला असतो; दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचे डोळे फिरले, आणि तिथे भिंतीला टेकवून त्यांना पाऊण तास बसवावं लागलं. अंजनाबाईंचं मौन तोवर सुटलं होतं. त्यांनी साखरपाणी दिलं नाही, कारण अशा रोग्याचं पाणी मोजून असतं; नुसता पदराने वारा घातला. आनंदराव डोळे मिटूनच म्हणाले, "रोलिंग मिलमध्ये मी क्रेन चालवायचो बाई. वीस-वीस टनाचा माल अलगद उतरवायचो. आज मलेच उतरवलं, तेबी धक्के देत."

संध्याकाळी पाच ते सहा सोसायटीचं ऑफिस उघडं असायचं, तळमजल्यावर, मीटरच्या खोलीशेजारी. अंजनाबाई बरोब्बर पाचला जाऊन उभ्या राहिल्या. पंजाबरावांनी चिठ्ठी वाचली. पहिल्यांदा सरळ, मग चष्मा कपाळावर सरकवून.

त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि त्यांनी ते शांतपणे मांडलं. सोसायटीच्या नियमात नोटीस म्हणजे बोर्डावर लावलेला कागद. तो त्यांनी गुरुवारी लावला, सही-शिक्क्यासकट, आणि तो अजून तिथेच आहे. ग्रुपवरचा फोटो ही नुसती सवलत. तो दुसऱ्या मजल्यावरच्या रोशनीने काढून टाकला, त्यांनी नाही. यादी शनिवारी बंद झाली. नावच नव्हतं म्हणून वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीकडून जास्तीची दोन माणसं मागवली नाहीत, गच्चीचं दार उघडलं नाही. ए-विंगची गच्ची बी-विंगला जोडलेली आहे, तिकडची लिफ्ट चालू आहे. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला एक जिना चढवून गच्चीवरून पलीकडे न्यायचं, अशी ती सोय होती. पण आता गच्चीवर कंत्राटदाराचा माल पसरला, चावी त्याच्याकडे गेली.

"तुमाले माहीत होतं न आनंदराव वर राहते ते?" अंजनाबाईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"माहीत असून काय होते वहिनी? नावाशिवाय मी घरोघरी जाऊन विचारू का, कोण आजारी हाय म्हणून? लोकच म्हणतीन, सेक्रेटरी नाक खुपसते. म्हणून तर नोटीस लावतो. ज्याले वाचाचं तो वाचते."

"पोच द्या."

"आं?"

"दुसऱ्या कागदावर सही द्या. मिळाली म्हणून."

पंजाबरावांनी सही दिली, तारीख टाकली, आणि सवयीने आवक क्रमांकही घातला. चौतीस वर्षांच्या हाताला कागद दिसला की तो क्रमांक घालतोच. अंजनाबाईंना एक क्षण त्यांची कीव आली. मग दुसऱ्या मजल्यावरची ती भिंत आठवली आणि कीव गेली.

त्या तशाच रोशनीकडे गेल्या. रोशनी शाळेत शिकवायची, सोसायटीचा ग्रुप तीच सांभाळायची. अंजनामौशींचा चेहरा पाहून ती घाबरलीच. आनंदकाकांचं तिला कळलं होतं, पण त्यात फोटोचा काही संबंध आहे हे तिला आत्ता समजत होतं. तिने फोनमधला मूळ फोटो शोधून काढला, ग्रुपवर टाकण्याआधीचा.

त्यात सगळा बोर्ड होता. काचेची चौकट, कडेला ट्यूबलाइटची चमक, आणि खाली लाकडाची आडवी पट्टी. 'खेद आहे' ही ओळ त्या पट्टीच्या थोडी वर संपत होती. आणि पट्टीला अगदी टेकून, एक रेघ. काळी, आडवी, मधे मधे तुटलेली.

"ये क्या है?" अंजनाबाईंच्या तोंडून हिंदी निघाली.

"अर्धी लाइन दिसत होती मौशी. मतलब, वरचाच भाग. खाली पट्टी. अच्छा नहीं लग रहा था, म्हणून मी क्रॉप केलं. मला वाटलं सेक्रेटरी साहब का साइन होगा उसके नीचे. हमेशा वही तो रहता है वहाँ." तिने फोन खाली ठेवला. "मी एकदा काचेत वाकून पाहायला पाहिजे होतं, है ना?"

अंजनाबाईंनी तिला रागावून काही म्हटलं नाही. ती निदान विचारत तरी होती. फोटो तेवढा मागून घेतला.

घरी येऊन त्या रेघेकडे त्या बराच वेळ पाहत बसल्या. ती शिरोरेखा होती. एका पूर्ण ओळीची शिरोरेखा, शब्दाशब्दाला तुटत गेलेली, आणि तिला लटकणारी अक्षरं लाकडाच्या मागे. म्हणजे फोटो कापण्याआधीच नोटीस कापलेली होती.

मंगळवारी सकाळी समोरच्या घरातून खोकल्याचा आवाज येत होता. शेवंताने दार उघडून सांगितलं, रात्रभर उशा रचून बसवलं, आडवं झालं की दम लागते. पाय सुजले. काल न निघालेलं पाणी छातीत चढत होतं. उद्याची खुर्ची चुकली, किंवा उद्याही उशीर झाला, तर काय होईल ते दोघींनाही माहीत होतं, म्हणून कोणी बोललं नाही. एक तर बोलूच शकत नव्हती.

अंजनाबाई परडी घेऊन खाली गेल्या, पण फुलांकडे गेल्या नाहीत. बोर्डासमोर उभ्या राहिल्या. रोज त्या इथूनच जायच्या, पहाटे, ट्यूब लागलेली नसताना. बोर्ड लिफ्टच्या शेजारी, उंचावर. चवड्यांवर उभं राहून, काचेला नाक लावून त्यांनी पट्टीच्या मागे पाहिलं. कागद तिथे संपत नव्हता. तिथे तो मागे वळत होता.

काचेला कुलूप, चावी पंजाबरावांकडे. त्या तिथेच थांबल्या. दूधवाला गेला, शाळेची दोन मुलं गेली, दयाराम झाडू थांबवून विचारून गेला, "का होगे दीदी?" त्यांनी हातानेच सांगितलं, काही नाही. सातला पंजाबराव फिरून आले. अंजनाबाईंनी त्यांच्यापुढे वाट अडवली आणि बोर्डाकडे बोट केलं. मग कुलपाकडे.

"वहिनी, काल सांगतलं न मी. लावली हाय नोटीस. पाहा, पुरी हाय."

बोट तसंच राहिलं. तोवर रोशनी शाळेसाठी खाली उतरली होती, तीही थांबली. पाठोपाठ पहिल्या मजल्यावरचं जोडपं. चार माणसांसमोर नाही म्हणणं पंजाबरावांना बरं दिसेना. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, काच सरकवली, आणि नोटिशीच्या खालच्या कडेला हात घातला.

कागद मागे दुमडलेला होता. चार बोटं रुंदीची घडी, नखाने दाबून पक्की केलेली. त्यांनी ती उलगडली तेव्हा खाली चार ओळी निघाल्या, आणि त्यांच्याखाली निळा शिक्का, आणि त्यांची सही.

पंजाबरावांनी ती नोटीस वर उचलली. तिच्याखाली पाण्याच्या टाकीची जुनी नोटीस होती, तीही खालून दुमडलेली. तिच्याखाली होळीची, तीही. कारखान्याच्या ऑफिसात सगळं लांब कागदावर निघायचं, फुलस्केपवर, आणि तीच सवय त्यांच्या घरच्या प्रिंटरला लागली होती. बोर्ड मात्र आखूड कागदाच्या मापाचा होता. लांब कागद पट्टीत मावत नाही, म्हणून सहा वर्षं ते खालचा भाग दुमडून लावत होते. त्या घडीत नेहमी फक्त सही आणि शिक्का जायचा, म्हणून कोणाला काही उणं वाटलं नाही. बिनसहीची नोटीस वाचायची सगळ्या इमारतीला सवय झाली होती. या वेळी मजकूर लांबला, तेवढंच.

"नेहमीच दुमडतो मी," ते हळूच म्हणाले. "कोणी कधी काही बोललं नाई." मग सगळ्यांचे डोळे आपल्याकडे लागलेत हे ध्यानात येऊन त्यांनी घसा साफ केला. "पण लिवलं तर होतं न. मी लिवलं होतं. हे पाहा."

तिथे अंजनाबाईंचं मौन सुटलं. बारा वाजायला पाच तास होते.

"वाचा," त्या म्हणाल्या.

रोशनीने दचकून पाहिलं. श्रावणात सकाळी मौशींचा आवाज या जिन्यात कोणी ऐकलेला नव्हता.

"तुमीच वाचा पंजाबराव. उभ्यानं, मोठ्यानं. मी वाचलं तर परत अर्धंच वाचीन."

त्यांनी वाचलं. आधी पुटपुटत, मग अंजनाबाई हलल्या नाहीत म्हणून नीट. ज्या घरात आजारी अथवा चालू न शकणारी व्यक्ती असेल, त्यांनी नाव आणि बाहेर जाण्याची वेळ शनिवारी सायंकाळी पाचपर्यंत सचिवांकडे लेखी द्यावी. त्यांच्यासाठी गच्चीचं दार उघडून बी-विंगच्या लिफ्टपर्यंत नेण्याची सोय केली जाईल. खुर्ची आणि दोन माणसं सोसायटी देईल. नाव न आल्यास दार बंद राहील.

"काल तुमी त्या बाईले गेटवर म्हणाले, साफ लिवलं होतं." अंजनाबाईंचा आवाज अजूनही चढला नव्हता, पहिल्या मजल्यावरच्या जोडप्यातली बायको पुढे वाकून ऐकत होती. "लिवलं तुमी, अन् लाकडामागं घातलंबी तुमीच. तिचा नवरा रातभर बसून हाय. त्याच्या छातीत पाणी चढून राहिलं. अन् तुमी मले नियम शिकवता, बोर्डावर लागली ती नोटीस म्हणून. कुठं लागली हे? हे तर लपली होती."

"मुद्दाम नाई केलं वहिनी."

"मुद्दाम केलं असतं तर मी पोलिसात गेली असती. चिठ्ठी नसती लिवली."

दयाराम झाडू धरून उभा होता. पंजाबरावांनी नोटीस हातात धरली होती, दुमडलेल्या रेषेवर तिला आपोआप पुन्हा घडी पडत होती, आणि ते अंगठ्याने ती घडी सरळ करायचा प्रयत्न करत होते.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि कंत्राटदाराला लावला. हिंदीत, करड्या आवाजात सांगितलं की गच्चीवरचे दोराचे रीळ आज संध्याकाळपर्यंत भिंतीकडे हटवायचे, मधली वाट मोकळी करायची, आणि चावी पाचला ऑफिसात पाहिजे. एजन्सीला लावला, एजन्सी म्हणाली, एवढ्या तातडीने दोन नाही, एकच माणूस मिळेल.

"दुसरा मी येतो," पंजाबराव फोन ठेवून म्हणाले. कोणाकडे न पाहता.

अंजनाबाईंनी मान हलवली आणि परडी उचलली. वरती जाताना त्यांना आठवलं, सतरावा दिवस मोडला. घरी जाऊन त्यांनी देवासमोर हात जोडले, क्षमा मागितली नाही, आणि कॅलेंडरवर दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात 'एक' असं लिहिलं. नवीन मोजणी.

बुधवारी सहाला दारं उघडली. या वेळी खुर्ची लोखंडाची होती, दोन्ही बाजूंनी दांडे असलेली, बी-विंगमधल्या कोणीतरी आईसाठी घेतलेली. पुढे एजन्सीचा माणूस, मागे पंजाबराव. त्यांनी फिरायचे बूट घातले होते आणि खिशात पेन नव्हते. अठरा पायऱ्या वर. गच्चीवर रात्रीच्या पावसाचं पाणी, ग्रीसचा वास, भिंतीशी गुंडाळलेले जुने दोर. दूर कारखान्याच्या चिमण्यांवर पांढुरका धूर. अंजनाबाई डाव्या बाजूने चालल्या, तो हात आपल्या हातात घेऊन. आनंदरावांना बोलायला दम पुरत नव्हता, तरी गच्चीच्या मध्यावर ते म्हणाले, "हळू भाऊ. वीस टन हाय." पंजाबरावांना हसावं की नाही ते कळलं नाही.

पलीकडे अठरा पायऱ्या खाली, आणि बी-विंगची लिफ्ट दार उघडून उभी. सहा वाजून बावीस मिनिटांनी ऑटो सुटला. सातला पाच कमी असताना शेवंताचा फोन आला. अंजनाबाईंनी उचलला आणि मौनात नुसतं ऐकलं. बसवलं म्हणते खुर्चीत. सुया लागल्या. पूर्ण चार तास देतो म्हणाले, वरून अर्धा तास पाह्यतो म्हणाले.

त्या संध्याकाळी पंजाबरावांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. बोर्डावर नवी नोटीस लागली होती, आखूड कागदावर, सही काचेत पूर्ण दिसत होती. रोशनीने तिचा फोटो चारी कडा दाखवून ग्रुपवर टाकला होता. त्यात लिहिलं होतं की पूर्वीच्या नोटिशीच्या शेवटच्या चार ओळी बोर्डावर दिसत नव्हत्या, त्यामुळे ए-४०१ च्या रहिवाशांकडून नाव न येण्यात त्यांचा दोष नाही. 'कोणाचा दोष आहे' ही ओळ नव्हती. अंजनाबाईंनी ती नोटीस दोनदा वाचली होती, शेपटापर्यंत.

टेबलावर त्यांची चिठ्ठी होती, आवक क्रमांक घातलेली.

"आता झालं न वहिनी सगळं," पंजाबराव म्हणाले. ते थकलेले दिसत होते. खांद्याला हळद लावल्याचा वास येत होता. "शुक्रवारीबी मी येतो, सांगून ठेवलं. हे चिठ्ठी फाइलीत लागन, वार्षिक सभेत कोणी वाचन. तुमी खाली फक्त एवढं लिवून द्या, की समाधान झालं. मंग मी बंद करतो."

त्यांनी पेन पुढे केला.

अंजनाबाई बसल्या. पेन घेतला. बाहेर लिफ्टच्या पोकळीत कामगारांचे हातोडे चालू होते. त्यांनी सोमवारच्या तारखेवरून बोट फिरवलं, मग आपल्या सहीच्या खाली, स्वच्छ, मोठ्या अक्षरात लिहिलं:

*बुधवारी श्री. गजभिये वेळेवर पोचले. सोमवारचा एक तास परत मिळालेला नाही. 'समाधान झाले' असे मी लिहीत नाही.*

खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद पंजाबरावांकडे सरकवला. खालची कड त्यांच्याकडे करून, सपाट.